ऑर्डर पंधराची, नोंद चौदाची

समजा, टोकियोतल्या एका ग्राहकाने १५ जुलै २०२५ रोजी सकाळी सव्वानऊ वाजता एका ऑनलाइन दुकानातून ऑर्डर दिली. पैसे कापले गेल्याचा बँकेचा मेसेज लगेच आला, त्यावरही वेळ सव्वानऊचीच. मग त्याने दुकानाच्या साइटवर ‘माझ्या ऑर्डर्स’ हे पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: १४ जुलै, रात्री ८:१५. म्हणजे पैसे देण्याच्या तेरा तास आधीच ऑर्डर लागली होती! त्याने तक्रार केली. दुकानाची टीम न्यूयॉर्कमध्ये बसते. तिथल्या माणसाने ती ऑर्डर उघडली, १४ जुलै रात्री ८:१५ ही वेळ पाहिली, आणि त्याच्या घड्याळाप्रमाणे ती तंतोतंत बरोबर होती. ‘आमच्याकडे वेळ बरोबर दिसते आहे’ असं उत्तर गेलं आणि तक्रार बंद झाली.

दोघेही खरं बोलत होते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं सापडत नाही. ज्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं, ज्यांनी तपासलं आणि ज्यांच्याकडे सर्व्हर आहे ते सगळे एकाच घड्याळाखाली राहत असतील, तर त्यांना तो दिसण्याची सोयच नसते. दिसतो तो फक्त दूरच्या ग्राहकाला, आणि त्याच्या तक्रारीवर विश्वास बसत नाही.

हे एकच उदाहरण धरून पुढे जाऊ. त्यातले ऑर्डर नंबर समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण घड्याळाचे नियम आणि डेटाबेसचं वागणं खरं आहे.

डेटाबेसमध्ये नेमकं काय लिहिलं गेलं

टोकियोत सकाळचे सव्वानऊ वाजले होते त्या क्षणी न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीच्या रात्रीचे सव्वाआठ वाजले होते. क्षण एकच, घड्याळं दोन. ऑर्डर नोंदवणाऱ्या कोडने सर्व्हरला विचारलं, ‘आत्ता किती वाजले?’ सर्व्हर न्यूयॉर्कच्या वेळेवर लावलेला होता, त्याने आपल्या घड्याळातला आकडा सांगितला आणि तो तसाच टेबलात जाऊन बसला:

```
  id   |     created_at
-------+---------------------
 46120 | 2025-07-14 20:15:00
```

या ओळीकडे नीट पाहा. तारीख आहे, तास आहे, मिनिटं आहेत, सेकंदसुद्धा आहेत. फक्त हे कुठल्या गावच्या घड्याळात पाहून लिहिलं, एवढंच नाही. परदेशातल्या मित्राला फोनवर ‘आठ वाजता बोलू’ म्हटलं की तो लगेच विचारतो, ‘तुझ्या आठला की माझ्या?’ हा प्रश्न माणसाला आपोआप सुचतो. डेटाबेसला सुचत नाही. त्याला दिलेला आकडा तो जसाच्या तसा सांभाळतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक म्हणजे क्षण: ऑर्डर लागली तो जगातला एकमेव बिंदू, टोकियोत बसा की लंडनमध्ये, तो बदलत नाही. दुसरी म्हणजे घड्याळातला आकडा: तो क्षण एखाद्या ठिकाणी कसा वाचला जातो ते. ऑर्डरच्या बाबतीत आपल्याला क्षण जपायचा असतो, पण वरच्या टेबलात आपण आकडा जपला आणि तो कुठला ते लिहायचं राहून गेलं.

यूटीसी, म्हणजे सगळ्या जगाने मिळून ठरवलेली वैश्विक वेळ, नेमकी यासाठी वापरतात. ते कुठल्याच गावचं घड्याळ नाही आणि उन्हाळ्यात ते एक तास पुढे जात नाही. बाकी सगळ्या वेळा त्याच्यापासून किती पुढे किंवा मागे, अशा मोजल्या जातात. टोकियो बाराही महिने नऊ तास पुढे. लंडन हिवाळ्यात बरोबरीने आणि उन्हाळ्यात एक तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार. आपली ऑर्डर यूटीसीप्रमाणे १५ जुलैच्या ००:१५ ला लागली. हा आकडा टेबलात असता आणि तो यूटीसीचा आहे हे सगळ्या कोडला ठाऊक असतं, तर टोकियोसाठी त्यात नऊ तास मिळवायचे, न्यूयॉर्कसाठी चार वजा करायचे, आणि दोघांनाही आपापल्या घड्याळाशी जुळणारी वेळ दिसली असती.

किती तास सरकली, यावरून दोष कळतो

अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: नेमके किती तास? ‘वेळ चुकीची दिसते’ एवढ्यावरून काही कळत नाही. ‘तेरा तास मागे’ म्हटलं की निम्मं काम झालं, कारण घसरणीच्या आकड्यात दोषाची जागा लिहिलेली असते.

आपल्या उदाहरणात सर्व्हरने ब्राउझरकडे `2025-07-14T20:15:00` एवढंच पाठवलं. जावास्क्रिप्टचा नियम असा की तारीख आणि वेळ दोन्ही असलेल्या मजकुराच्या शेवटी टाइमझोन नसेल, तर ती वेळ पाहणाऱ्याच्या स्वतःच्या घड्याळाची समजायची. त्यामुळे टोकियोतल्या ब्राउझरने ‘रात्री ८:१५’ दाखवलं, लंडनच्यानेही ‘रात्री ८:१५’ आणि न्यूयॉर्कच्यानेही तेच. टोकियोत घसरण तेरा तासांची, लंडनमध्ये पाच तासांची, न्यूयॉर्कमध्ये शून्य. घसरण माणसागणिक बदलते आणि सर्व्हरच्या गावात ती नाहीशी होते, ही सर्व्हरची स्थानिक वेळ उघडी पाठवल्याची खूण.

आता एखादा घाईतला माणूस येतो. त्याने ऐकलेलं असतं की शेवटी `Z` लावलं की वेळ यूटीसीची समजली जाते. हे खरं आहे. तो आकडा न बदलता मागे `Z` चिकटवतो आणि ब्राउझरकडे `2025-07-14T20:15:00Z` जाऊ लागतं. आता टोकियोत दिसतं १५ जुलै पहाटे ५:१५, म्हणजे चार तास मागे. लंडनमध्ये खरी वेळ रात्री १:१५, दिसते आदल्या रात्रीची ९:१५, पुन्हा चार तास मागे. आणि न्यूयॉर्कमध्ये, जिथे आजवर सगळं बरोबर होतं, तिथेही रात्री ८:१५ ऐवजी दुपारी ४:१५. सगळ्या जगाला सारखीच घसरण, आणि ती सर्व्हरच्या यूटीसीपासूनच्या अंतराएवढी. म्हणजे न्यूयॉर्कच्या आकड्यावर यूटीसीची चिठ्ठी लागली आहे. वाईटातली चांगली बाजू एवढीच की आता टीमलाही दोष दिसतो.

तिसरा प्रकार दोनदा रूपांतर होण्याचा. सर्व्हरने ग्राहकाच्या टाइमझोनमध्ये वेळ बदलून पाठवली, ब्राउझरने ती यूटीसी समजून पुन्हा बदलली. मग टोकियोत वेळ नऊ तास पुढे पळते. लंडनमध्ये उन्हाळ्यात एक तास पुढे आणि हिवाळ्यात अगदी बरोबर, म्हणून तिथली तक्रार मार्चअखेर सुरू होते आणि ऑक्टोबरअखेर आपोआप थांबते. अशी हंगामी तक्रार ‘आपोआप सुटली’ म्हणून बंद करू नये. पुढच्या वसंतात ती परत येते.

तेरा तास मिळवून का भागत नाही

‘जपानच्या ग्राहकांना तेरा तास मिळवून दाखवा’ हा उपाय जुलैमध्ये चालतो. २ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास मागे गेलं, टोकियोचं गेलं नाही, आणि अंतर चौदा तासांचं झालं. लंडनची गंमत आणखी निराळी आहे. दोन्ही शहरं घड्याळं बदलतात, पण एकाच दिवशी नाही. २०२५ साली न्यूयॉर्कने ९ मार्चला घड्याळ पुढे केलं, लंडनने ३० मार्चला. शरद ऋतूत लंडन २६ ऑक्टोबरला मागे आलं, न्यूयॉर्क एका आठवड्याने. एरवी पाच तासांचं असलेलं अंतर त्या मधल्या दिवसांत चारच तासांचं होतं. कोडमध्ये `+5` लिहिणाऱ्याची वेळ वर्षातले चार आठवडे चुकते, आणि तेवढ्या काळात कुणी तपासायला बसलं नाही तर चूक लक्षातही येत नाही.

म्हणून ‘उणे चार’ हे टाइमझोनचं नाव नव्हे. ते त्या दिवशीचं अंतर आहे. टाइमझोन म्हणजे नियमांचा अख्खा इतिहास: या ठिकाणी कुठल्या साली, कुठल्या तारखेला घड्याळ किती पुढे-मागे झालं. हा इतिहास आयाना ही संस्था सांभाळत असलेल्या टाइमझोन डेटाबेसमध्ये असतो आणि `America/New_York`, `Asia/Tokyo` अशा नावांनी मिळतो. संगणक, फोन, डेटाबेस, बहुतेक सगळे तोच वापरतात. अक्षरी लघुरूपांवर मात्र विसंबू नये. `IST` म्हणजे भारताची वेळ, इस्रायलची वेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ, तिन्ही.

सर्व्हर हलला आणि टेबलाला शिवण पडली

आपल्या दुकानाने १ सप्टेंबर २०२५ ला जुना सर्व्हर सोडून क्लाउडवर स्थलांतर केलं असं धरू. क्लाउडवरच्या नव्या मशीनची वेळ बहुतेकदा मुळातच यूटीसीवर लावलेली असते. कोडमधली एकही ओळ बदलली नाही. तरीही ‘आत्ता किती वाजले?’ याचं उत्तर त्या दिवसापासून वेगळं यायला लागलं:

```
 48211 | 2025-09-01 09:51:20
 48212 | 2025-09-01 09:58:41
 48213 | 2025-09-01 14:06:10
 48214 | 2025-09-01 14:19:55
```

भरदिवसा चार तास एकही ऑर्डर नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात ४८२१२ ही ऑर्डर न्यूयॉर्कच्या ९:५८:४१ ला, म्हणजे यूटीसीच्या १३:५८:४१ ला लागली. पुढची यूटीसीच्या १४:०६:१० ला. दोघींत साडेसात मिनिटांचंच अंतर आहे. वरच्या भागात न्यूयॉर्कचं घड्याळ, खालच्या भागात यूटीसी, आणि कॉलम तोच. कापडाचे दोन तुकडे जोडल्यावर शिवण दिसते तशी ही शिवण असते, फक्त ती शोधावी लागते. सर्व्हर उलट दिशेने हलला असता तर नंबर वाढताना वेळ मागे गेली असती आणि ते लगेच डोळ्यांत भरलं असतं. पुढे मारलेली उडी फसवी असते, कारण स्थलांतराच्या वेळी साइट थोडा वेळ बंद होतीच, असं म्हणून माणूस पुढे जातो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी ही शिवण पक्की सापडली पाहिजे. त्यासाठी ऑर्डर नंबर आणि वेळ शेजारी ठेवून पाहावं. शिवाय स्वतःच्या घड्याळावर चालणारा बाहेरचा साक्षीदार गाठावा. पेमेंटच्या नोंदीत बहुतेकदा यूटीसीची वेळ असते, आणि अपाची वेबसर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीत वेळेसोबत अंतरही छापलेलं असतं:

```
[01/Sep/2025:09:58:41 -0400]
```

शेवटचं `-0400` हेच आपल्या टेबलात लिहायचं राहिलेलं. जुने लॉग पुसून टाकायच्या आधी हे तपासा. असे लॉग नेमके स्थलांतरानंतर साफ केले जातात, आणि मग साक्षीदार उरत नाही.

आणखी एक तपासणी मला फार आवडते, कारण तिला बाहेरचं काहीच लागत नाही. ९ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये पहाटे दोनला घड्याळ थेट तीनवर गेलं. त्या दिवशी तिथे २ ते २:५९ ही वेळ आलीच नाही. टेबलात त्या तारखेची २:३० ची एक जरी ऑर्डर निघाली, तरी ती ओळ न्यूयॉर्कच्या घड्याळाने लिहिलेली नाही हे सिद्ध होतं. कदाचित दुसऱ्या सर्व्हरने लिहिली असेल, कदाचित कुणी बाहेरून आयात केलेली असेल. म्हणजे टेबलात तिसरं घड्याळही आहे आणि त्याचा शोध घ्यायला हवा.

दोनदा आलेला तास

जुना माल यूटीसीत न्यायचा तर जुन्या कॉलमला हात न लावता शेजारी नवा कॉलम करावा. जुना आकडा हाच आपला पुरावा आहे. तो त्यावरच नवा आकडा लिहून बुजवला तर चूक झाल्यावर मागे फिरायची वाट राहत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे असं करता येतं:

```sql
ALTER TABLE orders ADD COLUMN created_utc timestamptz;

UPDATE orders SET created_utc =
  CASE WHEN id < 48213
    THEN created_at AT TIME ZONE 'America/New_York'
    ELSE created_at AT TIME ZONE 'UTC'
  END;
```

`AT TIME ZONE` इथे सांगतं की हा आकडा अमुक ठिकाणच्या घड्याळातला आहे, त्यावरून क्षण काढ. जुलैतल्या ओळींना चार तासांचं अंतर आणि जानेवारीतल्या ओळींना पाच तासांचं, हे डेटाबेस स्वतः इतिहास पाहून ठरवतो. म्हणूनच इथे ठिकाणाचं नाव द्यायचं, `-4` नाही.

तरी एक जागा उरते, जिथे इतिहास पाहूनही उत्तर मिळत नाही. ३ नोव्हेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये पहाटे दोनला घड्याळ पुन्हा एकवर आलं. एक ते दोन हा तास त्या रात्री दोनदा झाला. त्या वेळच्या ओळी पाहा:

```
 31907 | 2024-11-03 01:41:20
 31908 | 2024-11-03 01:56:02
 31909 | 2024-11-03 01:08:47
 31910 | 2024-11-03 01:33:15
```

३१९०८ नंतर वेळ मागे आली. तिथेच घड्याळ फिरलं. पहिल्या दोन ऑर्डर उन्हाळी वेळेतल्या, म्हणजे यूटीसीच्या ५:४१:२० आणि ५:५६:०२ च्या. पुढच्या दोन हिवाळी वेळेतल्या, ६:०८:४७ आणि ६:३३:१५ च्या. पण डेटाबेसला शेजारची ओळ दिसत नाही. तो एकेक आकडा सुटा पाहतो आणि ‘१:५६’ वाचून त्याला दोनपैकी एक अर्थ निवडावा लागतो. पोस्टग्रेस अशा वेळी हिवाळी, म्हणजे प्रमाण वेळ निवडतं. त्यामुळे वरच्या दुरुस्तीनंतर ३१९०८ ही ऑर्डर ६:५६:०२ ची होते आणि तिच्यानंतर आलेल्या ३१९०९ च्याही पुढे जाऊन बसते. कुठलीही सूचना येत नाही, सगळं सुरळीत पार पडल्यासारखं दिसतं. हा तास हातानेच सुधारावा लागतो:

```sql
UPDATE orders
SET created_utc = created_utc - interval '1 hour'
WHERE id <= 31908
  AND created_at >= '2024-11-03 01:00'
  AND created_at <  '2024-11-03 02:00';
```

इथे ऑर्डर नंबर क्रमाने वाढत होते म्हणून आपली सुटका झाली. त्या दोन तासांत एक १:१० ची आणि तिच्या पुढे एक १:५० ची अशा दोनच ऑर्डर असत्या, तर वेळ मागे गेलेली दिसलीच नसती. दोन्ही पहिल्या तासातल्या, दोन्ही दुसऱ्यातल्या, की एकेक, हे टेबलावरून कुणालाही सांगता आलं नसतं. मग पेमेंटची नोंद किंवा लॉग हाच आधार. तोही नसेल तर माहिती खरोखरच हरवलेली आहे. स्थानिक वेळ साठवण्यातलं खरं नुकसान हे आहे. बाकीची घसरण कष्टाने का होईना भरून काढता येते, पण दरवर्षीचा हा एक तास लिहिला जातो तेव्हाच अर्धा पुसला जातो. दुसरं टेबल नाही, लॉग नाही, मग कितीही हुशार माणूस आणा, तो परत येत नाही.

नवी ऑर्डर लिहिताना

पुढचं तुलनेने सोपं आहे. वेळ घेतानाच यूटीसीची घ्यायची, सर्व्हर कुठे आहे यावर काहीच अवलंबून ठेवायचं नाही. पायथनमध्ये:

```python
from datetime import datetime, timezone

created_utc = datetime.now(timezone.utc)
```

कंसातलं `timezone.utc` गाळलं की पुन्हा सर्व्हरच्या घड्याळातला उघडा आकडा मिळतो. जुन्या कोडमध्ये `datetime.utcnow()` दिसेल. तो आकडा यूटीसीचाच देतो, पण सोबत टाइमझोन देत नाही, म्हणजे चिठ्ठी पुन्हा गळाली. पायथन ३.१२ पासून तो वापरू नये असंच सांगितलेलं आहे.

डेटाबेसच्या कॉलमचा प्रकारही पाहावा. पोस्टग्रेसचा `timestamptz` क्षण साठवतो. नावावरून वाटतं की तो टाइमझोनही साठवत असेल, पण तसं नाही. आलेली वेळ तो यूटीसीत बदलून ठेवतो आणि मागणाऱ्याच्या टाइमझोनमध्ये दाखवतो. साधा `timestamp` प्रकार जास्त धोक्याचा. त्यात `2025-07-15 09:15:00+09` असं लिहायला गेलात तर तो `+09` मुकाट्याने टाकून देतो आणि ९:१५ ठेवतो. मायएसक्यूएलमध्ये नावं नेमकी उलटी वाटावीत अशी आहेत: तिथला `TIMESTAMP` आत यूटीसी ठेवतो, `DATETIME` दिलेला आकडा तसाच. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना नाव सारखं म्हणून वागणंही सारखं समजू नये.

दाखवताना सर्व्हरने `2025-07-15T00:15:00Z` पाठवावं आणि ग्राहकाच्या वेळेत बदलण्याचं काम ब्राउझरवर सोडावं, त्याला ग्राहकाचा टाइमझोन माहीत असतो. ईमेल आणि पीडीएफ पावती मात्र सर्व्हरवरच तयार होते, तिथे ब्राउझर नसतो. म्हणून ग्राहकाच्या टाइमझोनचं नाव त्याच्या खात्यासोबत साठवावं आणि पावतीवर वेळेपुढे ती कुठली हे स्पष्ट छापावं. ‘१५ जुलै २०२५, ९:१५, टोकियो वेळ’ एवढे दोन शब्द जास्त असले, की ग्राहकाला तुलना करता येते आणि चूक असलीच तर त्याची तक्रारही नेमकी येते.

तपासणी करताना संगणक यूटीसीवर ठेवला तर सगळे दोष झाकले जातात, कारण रूपांतर झालं काय न झालं काय, आकडा तोच. मी चाचण्या काठमांडूच्या वेळेवर चालवतो:

```
TZ=Asia/Kathmandu pytest
```

नेपाळची वेळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे आहे. कुठे रूपांतर राहिलं किंवा दोनदा झालं, तर मिनिटांतले पंचेचाळीस लगेच डोळ्यांत खुपतात.

यूटीसीने न सुटणारे प्रश्न

वरचं सगळं घडून गेलेल्या गोष्टींसाठी आहे. ऑर्डर लागली, पैसे आले, पार्सल निघालं: या क्षणांना यूटीसीच हवा. पुढच्या गोष्टींचं तसं नाही. ग्राहकाने पुढच्या वर्षीच्या एखाद्या दिवशी ‘सकाळी दहाला पोचवा’ म्हटलं, तर त्याच्या मनात त्याच्या गावच्या घड्याळातले दहा आहेत. ते आजच्या नियमाने यूटीसीत बदलून ठेवले आणि मधल्या काळात सरकारने नियम बदलला, तर पार्सल नऊला किंवा अकराला दारात उभं राहील. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशभर उन्हाळी वेळ बंद केली, इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. सामोआने तर २०११ मध्ये तारीखरेषेची बाजू बदलली आणि तिथे ३० डिसेंबर उजाडलाच नाही. म्हणून भविष्यातल्या भेटीसाठी स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव, दोन्ही जोडीने ठेवावीत, आणि क्षण अगदी वेळेवर काढावा.

दुसरा प्रश्न दिवसाचा. आपली ऑर्डर टोकियोत १५ जुलैची, न्यूयॉर्कमध्ये १४ जुलैची. १४ तारखेच्या विक्रीत ती धरायची की नाही? ‘ऑर्डरच्या दिवसापासून सात दिवसांत परत’ या अटीत पहिला दिवस कुठला? यूटीसी साठवल्याने याचं उत्तर मिळत नाही, फक्त हवं ते उत्तर काढता येण्याची सोय होते. हिशेबासाठी कुठल्या ठिकाणचा दिवस धरायचा हे दुकानाने ठरवावं आणि अहवालाच्या प्रश्नात ते नाव घेऊन लिहावं:

```sql
SELECT (created_utc AT TIME ZONE 'America/New_York')::date AS day,
       count(*)
FROM orders
GROUP BY 1;
```

परतीच्या मुदतीसाठी मात्र ग्राहकाचा दिवस धरावा असं माझं मत आहे. टोकियोतल्या माणसाने पंधराला घेतलेली वस्तू त्याच्या पंधरापासून मोजली जावी. न्यूयॉर्कचा दिवस लावला तर त्याच्या मुदतीतला एक दिवस त्याने ऑर्डर देण्याआधीच संपलेला असतो.